टाकीत गॅस असताना गाडी आपोआप पेट्रोलवर का जाते, आणि दिवे खोटे का बोलतात

मी सीएनजी किट बसवण्याचे आणि दुरुस्त करण्याचे काम करतो. सगळ्यात जास्त वेळा माझ्यासमोर येणारी तक्रार एकच आहे. ती सांगणारे लोक वेगवेगळ्या शब्दांत सांगतात, पण मूळ वाक्य असे असते: "स्विचवर दोन दिवे दिसत होते, तरी गाडी पेट्रोलवर गेली." हा स्विच गाडी गॅसवर किंवा पेट्रोलवर नेण्याचा असतो, आणि त्यावरचे दिवे टाकीत किती गॅस उरला ते दाखवतात. हे लिखाण बाहेरून बसवलेल्या सिक्वेन्शियल, म्हणजे इंजिनच्या प्रत्येक सिलिंडरला वेगळ्या इंजेक्टरने गॅस देणाऱ्या, किटबद्दल आहे. कंपनीतून गॅससह येणाऱ्या गाड्यांना तत्त्व बऱ्याच अंशी तेच लागू पडते, मात्र त्यांच्या सेटिंगला बाहेर हात लावू नये आणि वॉरंटी असेपर्यंत तर मुळीच नाही.

लक्षणे

तक्रार ऐकताना मी प्रथम ती पुढीलपैकी कोणत्या प्रकारात बसते ते पाहतो, कारण पहिल्या तीन प्रकारांत चालकाला "गाडी गॅसवर राहत नाही" एवढेच जाणवत असले तरी त्यांची कारणे एकमेकांपासून फार दूर असतात.

पहिला प्रकार: सकाळी गाडी सुरू केल्यावर स्विचवरचा दिवा बराच वेळ लुकलुकत राहतो आणि गाडी गॅस घेतच नाही, किंवा पाच-सात किलोमीटर गेल्यावर घेते.

दुसरा प्रकार: सपाट रस्त्यावर सर्व ठीक असते, पण घाट चढताना किंवा वेगाने ओव्हरटेक करताना बीप वाजतो आणि गाडी पेट्रोलवर जाते. वेग कमी करून स्विच पुन्हा दाबला की गाडी निमूटपणे गॅस घेते.

तिसरा प्रकार: स्विचवर दोन दिवे असताना गाडी पेट्रोलवर जाते, आणि स्विच कितीही वेळा दाबला तरी काही सेकंदांत पुन्हा पेट्रोलवरच येते.

चौथा प्रकार फक्त दिव्यांचा आणि काट्याचा आहे. गॅस भरून घरी येईपर्यंत एक दिवा विझतो, किंवा गाडी गॅसवर चालत असताना पेट्रोलचा काटा अथवा उरलेल्या अंतराचा आकडा खाली येतो.

दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारातला फरक ओळखण्यासाठी कोणतेही उपकरण लागत नाही. गाडी पेट्रोलवर गेल्यावर वेग कमी करा, अर्धा मिनिट थांबा आणि स्विच पुन्हा दाबा. गाडीने गॅस घेतला आणि पुढच्या सपाट रस्त्यावर ती गॅसवर टिकली, तर टाकीत गॅस आहे. तो इंजिनपर्यंत पुरेशा प्रमाणात पोहोचत नाही. गाडी टिकली नाही, तर बहुधा टाकी खरोखर रिकामी आहे आणि दिवे चुकीचे दाखवत आहेत. या एका चाचणीने अर्धे काम होते, आणि गॅरेजला जाण्यापूर्वी ती करून आलेल्या माणसाचा वेळ आणि पैसा दोन्ही वाचतात.

दिवे एका सेन्सरवर, निर्णय दुसऱ्यावर

ही गोष्ट कळली की पुढचे सगळे सोपे होते. बहुतेक सिक्वेन्शियल किटमध्ये स्विचवरचे दिवे रिड्यूसरच्या, म्हणजे गॅसचा दाब उतरवणाऱ्या भागाच्या, तोंडाशी बसवलेल्या दाबमापकावरून पेटतात. टाकीतला उच्च दाब तिथे मोजला जातो; पूर्ण भरलेल्या टाकीत तो सुमारे २०० बार असतो. गाडी पेट्रोलवर न्यायची की नाही, हा निर्णय मात्र किटचा ईसीयू, म्हणजे किट चालवणारा छोटा संगणक, रिड्यूसरच्या पलीकडे, इंजेक्टरना गॅस वाटणाऱ्या रेलजवळ असलेल्या दुसऱ्या सेन्सरवरून घेतो. तिथला दाब साधारण दोन बारच्या आसपास असतो. तो ठरावीक मर्यादेच्या खाली काही क्षण राहिला, की ईसीयूच्या लेखी गॅस संपलेला असतो, मग टाकीबद्दल दिवे काहीही म्हणोत.

म्हणून दिवे भरपूर आणि गाडी पेट्रोलवर, हे विसंगत वाटले तरी किटच्या दृष्टीने त्यात विसंगती नसते. पाण्याच्या टाकीत पाणी आहे आणि नळाला धार नाही, तसाच हा प्रकार आहे. टाकी आणि नळ यांच्यामध्ये काय अडले, हे शोधणे हीच या दुरुस्तीची खरी दिशा.

फुकटात करता येणाऱ्या तपासण्या

सर्वप्रथम पंपावरची पावती. गॅसची टाकी किती लिटरची आहे ते टाकीवर कोरलेले असते. त्या लिटरला ०.१५ ने गुणले की व्यवहारात बसणाऱ्या गॅसचा किलोमधला अंदाज येतो. ६० लिटरच्या टाकीत साधारण ९ किलो. आता गाडी पेट्रोलवर गेल्यावर थेट पंपावर जा आणि किती किलो बसले ते पाहा. स्विचवर चारपैकी दोन दिवे होते, तर टाकी निम्मी असायला हवी आणि साडेचार किलोच्या जवळपास गॅस बसायला हवा. साडेसात-आठ किलो बसले, तर दिवे खोटे होते. उलट दोन दिवे असताना चार-साडेचारच किलो बसले, तर दिवे खरे आहेत आणि दोष प्रवाहात आहे. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी फार थोडे लोक पावती जपून ठेवतात, पण तीन वेळच्या पावत्या आणि त्या प्रत्येक वेळचे दिवे कागदावर लिहून आणले, तर लॅपटॉप उघडण्यापूर्वीच निदान सांगता येते.

याच वेळी एक गैरसमज दूर करून घ्यावा. गॅस भरताना टाकीत तो दाबला जाऊन तापतो, आणि पंपाचे यंत्र दाब पाहून थांबते. रात्रीतून टाकी थंड झाली की त्याच गॅसचा दाब उतरतो आणि सकाळी एक दिवा कमी दिसतो. गॅस कुठेही गळालेला नसतो, आणि पंपावाल्याने कमी भरला असेही नाही. भर उन्हात लांबच्या रस्त्याहून आल्या आल्या गॅस भरला तर हा फरक अधिक जाणवतो. तेव्हा एका दिव्याचा फरक मी दोष समजत नाही. दोन दिव्यांचा फरक एका रात्रीत पडला तर मात्र समजतो, कारण तिथे गळतीची शंका घ्यावी लागते.

दुसरी तपासणी टाकीच्या हाताच्या वाल्वची. डिकीतल्या टाकीवर एक चाकासारखी मूठ असते, आणि हायड्रोटेस्ट म्हणजे टाकीची ठरावीक मुदतीची दाबचाचणी करून आणल्यावर किंवा सर्व्हिसिंगनंतर ती पूर्ण उघडायची राहून जाणे ही फार सामान्य चूक आहे. एक-दोन वेढे उघडलेल्या वाल्वमधून शहरातल्या चालीपुरता गॅस येतो, त्यामुळे कोणाला शंका येत नाही. घाटात मात्र तेवढा पुरत नाही. गाडी बंद करून, डिकी उघडून, मूठ उघडण्याच्या दिशेने हाताने हळूहळू पूर्ण फिरवून पाहावी. ती जागची हलत नसेल, तर पकड लावून जोर करू नये आणि ती तशीच सोडून मेकॅनिककडे जावे.

तिसरी तपासणी पहिल्या प्रकारच्या तक्रारीसाठी, म्हणजे सकाळी गॅस उशिरा घेण्यासाठी. गॅस २०० बारवरून दोन बारवर उतरताना फार थंड होतो, म्हणून रिड्यूसरमधून इंजिनचे गरम कूलंट फिरवलेले असते. ईसीयू रिड्यूसरचे तापमान ठरावीक अंशापर्यंत पोहोचण्याची वाट पाहतो. बहुतेक गाड्यांत ते ३० ते ४० अंशांच्या दरम्यान ठेवलेले असते. मग तो इंजिनचे फेरे आणि सुरू झाल्यानंतरची काही सेकंदे पाहतो, आणि सर्व अटी पुऱ्या झाल्या की बदल करतो. म्हणून इंजिन पूर्ण थंड असताना कूलंटची बाटली पाहावी. पातळी खालच्या रेषेखाली असेल तर रिड्यूसरला गरम पाणी पोहोचत नसण्याची शक्यता मोठी आहे. इंजिन तापल्यावर रिड्यूसरचे दोन्ही पाण्याचे पाइप हाताला कोमट-गरम लागले पाहिजेत. एक गरम आणि दुसरा थंड असेल तर कूलंटमध्ये हवा अडकलेली आहे किंवा मार्ग तुंबलेला आहे. कूलंट बरोबर असूनही गाडीचे तापमान चढायलाच वीस मिनिटे लागत असतील, तर थर्मोस्टॅट उघडाच अडकला असावा. तो दोष किटचा नाही, इंजिनचा आहे, आणि त्यासाठी किटवाल्याकडे फेऱ्या मारण्यात अर्थ नाही.

नाशिकसारख्या ठिकाणी जानेवारीत सकाळी दोन-तीन किलोमीटर पेट्रोलवर जाणे हे मी नैसर्गिक समजतो. मुंबईत मे महिन्यात तेवढेच घडले तर तपासावे.

चौथी तपासणी वायरींची. बॅटरीपासून किटकडे येणाऱ्या तारेवर एक छोटा फ्यूज असतो. त्याचा होल्डर गंजला किंवा ढिला झाला की स्विच मधूनच विझतो, सेटिंग विसरल्यासारखे वागतो आणि लोक ईसीयू गेला असे समजतात. फ्यूज बदलायचा तर आधीच्याच अँपिअरचा घालावा. त्याच्या जागी जाड वायर घालणाऱ्या माणसाकडे पुन्हा जाऊ नये.

थोडा खर्च लागणाऱ्या तपासण्या

दुसऱ्या प्रकारच्या तक्रारीत, म्हणजे घाटात पेट्रोलवर जाणाऱ्या गाडीत, माझा पहिला संशय रिड्यूसर आणि इंजेक्टर रेल यांच्या मधल्या गॅस फिल्टरवर असतो. पंपावरच्या कॉम्प्रेसरचे तेल अत्यल्प प्रमाणात गॅससोबत येते, त्यात बारीक काळी पूड मिसळते आणि फिल्टर हळूहळू तुंबतो. हा भाग काही शे रुपयांत येतो. मी तो साधारण २० हजार किलोमीटरला बदलतो. मात्र हे काम स्वतः करू नये, कारण त्यासाठी टाकीचा वाल्व बंद करून पाइपातला उरलेला गॅस इंजिनात जाळून संपवावा लागतो आणि नंतर प्रत्येक जोड साबणाच्या पाण्याने तपासावा लागतो.

याच टप्प्यावर स्पार्क प्लग आणि एअर फिल्टर पाहून घ्यावेत. गॅस पेटवायला पेट्रोलपेक्षा जोरदार ठिणगी लागते, म्हणून जुने प्लग पेट्रोलवर कुरकुर करत नाहीत पण गॅसवर झटके देतात. बदल होताना झटका बसतो पण गाडी गॅसवरच राहते, अशी तक्रार असेल, तर किटकडे वळण्यापूर्वी प्लग बदलून पाहा. माझ्या अनुभवात अशा तक्रारींतल्या बऱ्याच तिथेच संपतात.

एका गाडीची गोष्ट

वाईचे एक गृहस्थ दर शनिवारी पुण्याहून गावी जातात. त्यांची गाडी खंबाटकी घाट चढायला लागली की मधेच बीप वाजून पेट्रोलवर जायची. गावात पोचल्यावर पुन्हा गॅसवर चालायची. एका ठिकाणी त्यांना रिड्यूसर गेला आहे असे सांगण्यात आले, आणि तो बदलण्यात आला. पुढच्या शनिवारी घाटात नेमके तेच घडले. शिवाय एक नवी तक्रार सुरू झाली: आता सपाट रस्त्यावरही दोन दिवे असताना गाडी पेट्रोलवर जाऊ लागली, आणि त्यानंतर ती काही केल्या गॅस घेईना.

गृहस्थांच्या मते एकच दोष वाढला होता. मला दोन वेगळे दोष दिसत होते, कारण घाटात स्विच दाबल्यावर गाडी परत गॅस घेत होती आणि सपाटीवर घेत नव्हती. त्यांच्या पाकिटात नशिबाने मागच्या आठवड्याची पावती सापडली. टाकी ६० लिटरची, भरताना दिवे दोन, आणि पावतीवर आकडा ७.८ किलो. ९ किलोच्या टाकीत ७.८ किलो बसतात, म्हणजे आत जेमतेम सव्वा किलो शिल्लक होते. दुसऱ्या तक्रारीचे उत्तर तिथेच मिळाले: टाकी रिकामी होती आणि दिवे खोटे होते.

बॉनेट उघडून रिड्यूसरवरच्या दाबमापकाचा काटा पाहिला. आदल्या दिवशीपासून गाडी चालली होती आणि स्विचवर दोन दिवे होते, पण काटा ३० बारवर उभा होता. काटा यांत्रिक असतो. त्याला सेटिंग लागत नाही, म्हणून माझा विश्वास त्याच्यावर. त्याच मापकाला चिकटलेला विजेचा सेन्सर मात्र सेटिंगवर चालतो. नव्या रिड्यूसरबरोबर मापक नवा आला होता आणि त्याचा सेन्सर जुन्यापेक्षा वेगळ्या जातीचा होता. काही सेन्सर दाबानुसार विद्युतरोध बदलतात, काही थेट व्होल्टेज देतात. ईसीयूमध्ये कोणता सेन्सर बसवला आहे ते निवडावे लागते. इथे निवड जुन्या सेन्सरची राहिली होती, त्यामुळे भरल्यावर चार दिवे लागत, लवकरच दोनवर येत आणि टाकी रिकामी होईपर्यंत तिथेच चिकटून राहत.

लॅपटॉप जोडून सेन्सरची जात बदलली आणि दिव्यांच्या मर्यादा बांधल्या. मी साधारणपणे १५० बारच्या वर चार, १०० च्या वर तीन, ६० च्या वर दोन, ३० च्या वर एक आणि त्याखाली लाल दिवा अशी विभागणी ठेवतो. लाल दिवा ३० बारवर ठेवण्यामागे कारण आहे. एवढ्या दाबावर सपाट रस्त्यावर गाडी अजून चालते, पण चढावर इंजिनला जितका गॅस हवा तितका रिड्यूसर देऊ शकत नाही. लाल दिव्यावर घाटात गाडी पेट्रोलवर गेली तर तो दोष नव्हे. चालकाने ते आधीच ओळखावे एवढाच त्या दिव्याचा उपयोग.

आता मूळ तक्रार. टाकी भरून घेतली, लॅपटॉप बाजूच्या सीटवर ठेवला आणि गाडी घाटात नेली. रिड्यूसरचे तापमान ७४ अंश होते, म्हणजे कूलंटचा प्रश्न नव्हता. उभी असताना रेलमधला दाब १.९ बार होता. दुसऱ्या गियरमध्ये पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर दाबून चढायला लागताच तो घसरू लागला: १.६, १.४, आणि १.२ ला पोहोचल्यावर काही क्षणांतच बीप वाजला. त्या गाडीत पेट्रोलवर जाण्याची मर्यादा १.३ बार होती. टाकी भरलेली, वाल्व पूर्ण उघडा, रिड्यूसर नवा, आणि तरी रेलपर्यंत दाब पोहोचत नाही. मध्ये उरला होता फक्त फिल्टर. तो काढून पांढऱ्या कागदावर आपटला, तेव्हा काळपट तेलाचे दोन-तीन थेंब आणि काजळीसारखी पूड पडली. कागदाला पेट्रोल पंपाच्या ओट्यावर येतो तसा वास होता. रिड्यूसर बदलणाऱ्याने फिल्टर तसाच परत जोडून ठेवला होता. नवा फिल्टर घालून परत घाट चढवला, तर पूर्ण अ‍ॅक्सिलरेटरवरही दाब १.८ च्या खाली गेला नाही.

रिड्यूसर बदलण्याचा मोठा खर्च अनावश्यक होता, हे त्यांना सांगणे अवघड गेले. त्या दुरुस्तीने एक खरा दोष तसाच ठेवून वर एक नवा दोष जोडला होता. म्हणून आता मी प्रत्येकाला सांगतो: किटचा कोणताही भाग बदलला, की त्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन भरण्यांना दिवे आणि किलो पडताळून पाहा.

सेटिंगने दोष झाकू नये

घाटात पेट्रोलवर जाणारी गाडी लॅपटॉपवर दोन मिनिटांत "बरी" करता येते. पेट्रोलवर जाण्याची मर्यादा १.३ वरून ०.८ बारवर आणली की बीप वाजत नाही आणि गिऱ्हाईक खूश होऊन जाते. पण दाब कमी असताना गॅस कमी आणि हवा जास्त जाते, मिश्रण पातळ होते, गाडी अडखळते आणि एक्झॉस्ट वाल्वच्या बैठकीवरची उष्णता वाढते. ही तडजोड मी करत नाही, आणि आपल्या गाडीत कोणी केली असेल तर ती उलटवून घ्यावी, असे मी सुचवीन.

तीच गोष्ट गॅसवर बदलण्याच्या तापमानाची. पेट्रोल वाचावे म्हणून ४० अंशांऐवजी २० अंश ठेवून द्या, असा आग्रह धरणारे बरेच असतात. त्यात रोजचे किलोमीटरभर पेट्रोल वाचते. मात्र थंड रिड्यूसरमधून गॅस सोडला की तो आतून गोठू लागतो, रबरी पडदा कडक होतो आणि गाडी सिग्नलला बंद पडते. ३० ते ४० अंशांमध्ये त्या त्या शहराच्या हवेनुसार काय ठेवायचे, ते मेकॅनिकने ठरवावे.

काही किटमध्ये स्विच दाबून धरत चावी फिरवली की गाडी थेट गॅसवर सुरू होते. पेट्रोलचा पंप बंद पडला किंवा पेट्रोल संपले, अशा वेळी घरी पोहोचण्यापुरतीच ही सोय असते. रोजच्या वापरात ती आणू नये.

पेट्रोलचा काटा

गॅसवर चालताना पेट्रोल कमी होते, या तक्रारीत अनेकदा पेट्रोल कमी झालेलेच नसते. बाहेरून बसवलेल्या किटमध्ये गाडीच्या मूळ ईसीयूला आपण पेट्रोलवरच चाललो आहोत असे वाटत राहते. तो पेट्रोलच्या इंजेक्टरला इशारे देतो आणि किट ते अडवून गॅसच्या इंजेक्टरकडे वळवते. त्यामुळे उरलेल्या अंतराचा आकडा आणि सरासरी यांचा हिशेब गॅसवर चालतानाही सुरूच राहतो. काही गाड्यांत काटाही या हिशेबावरून थोडा खाली येतो आणि गाडी बंद करून सुरू केल्यावर मूळ जागी परततो. टाकी पूर्ण भरून, फक्त गॅसवर दोनशे किलोमीटर चालवून, पुन्हा पूर्ण भरली की खरे किती गेले ते कळते. रोज सकाळची सुरुवात पेट्रोलवर होत असल्याने लिटर-दोन लिटर जाणे स्वाभाविक आहे. त्याहून बरेच जास्त जात असेल, तर पेट्रोलचे इंजेक्टर पूर्ण बंद होत नाहीत किंवा किटमध्ये काही वेळा पेट्रोल मिसळण्याचे सेटिंग चालू आहे, असे समजून तपासून घ्यावे.

पेट्रोलची टाकी रिकामी ठेवून फक्त गॅसवर फिरणाऱ्यांना एक सूचना. बऱ्याच गाड्यांत गॅसवर चालतानाही पेट्रोलचा पंप फिरत राहतो आणि टाकीतल्या पेट्रोलनेच तो थंड राहतो. पेट्रोल तळाला गेले की पंप तापतो आणि जळतो, आणि मग सकाळी गाडी सुरूच होत नाही. पाव टाकी कायम असावी, आणि आठवड्यातून चार-पाच किलोमीटर मुद्दाम पेट्रोलवर चालवावे. त्याने पेट्रोलचे इंजेक्टरही चिकटत नाहीत.

कुठे थांबावे

टाकीपासून रिड्यूसरपर्यंतचा पोलादी पाइप आणि त्याचे कोणतेही नट स्वतः सैल करू नयेत. त्यात २०० बारचा दाब असतो आणि नट थोडा फिरला तरी हाताला गंभीर इजा होऊ शकते. टाकीचा वाल्व हाताने उघडणे-बंद करणे इथपर्यंत चालकाचा हक्क. त्यापुढे सर्व काम अधिकृत केंद्राचे.

गॅसचा वास आला, सुईसारखा फसफस आवाज आला किंवा एखाद्या जोडावर बर्फ धरलेले दिसले, तर गाडी मोकळ्या जागी थांबवा, इंजिन बंद करा, सगळ्यांना उतरवा, दारे उघडी ठेवा आणि शक्य असेल तर टाकीचा वाल्व बंद करा. सीएनजी हवेपेक्षा हलका असल्याने मोकळ्यावर वर निघून जातो. बंद पार्किंगच्या छताखाली मात्र साठतो, म्हणून अशी गाडी तळघरात नेऊ नये. अशा वेळी गाडी चालवत गॅरेजला नेण्याचा मोह टाळावा आणि केंद्राच्या माणसाला जागेवर बोलवावे.

लॅपटॉपवरच्या सेटिंगलाही हाच नियम. इंटरनेटवरून सॉफ्टवेअर उतरवून आणि केबल विकत घेऊन स्वतः किटचे सेटिंग बदलणारे काही जण माझ्याकडे येतात, आणि त्यांनी बदलण्यापूर्वीच्या सेटिंगची प्रत ठेवलेली नसते. मग सगळे ट्यूनिंग नव्याने करावे लागते. केंद्रात जाताना मात्र रिकाम्या हाताने जाऊ नये: तीन पावत्या, प्रत्येक वेळचे दिवे, गाडी पेट्रोलवर कुठे आणि कोणत्या गियरमध्ये गेली, आणि स्विच पुन्हा दाबल्यावर तिने गॅस घेतला की नाही, एवढे लिहून न्यावे. गॅसच्या टाकीची हायड्रोटेस्ट तीन वर्षांच्या आत झालेली आहे का, तेही त्याच कागदावर टिपून ठेवा, कारण मुदत संपली असेल तर पंपावर गॅस नाकारला जाऊ शकतो आणि बाकीची सगळी दुरुस्ती त्यानंतरची गोष्ट ठरते.